क्रशला ताप आलाय आणि पेपर तोंडावर आहे: मेसेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुसता ताप असेल तर माणूस झोपून काढतो आणि नुसती परीक्षा असेल तर रट्टा मारून. दोन्ही एकाच आठवड्यात आले की मात्र त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. नेमक्या त्याच वेळी आपल्याला मेसेज करायची सगळ्यात जास्त हुक्की येते. हे पान त्या एका आठवड्यापुरतं आहे. तुम्ही दोघंही कॉलेजच्या वयाचे किंवा त्याहून मोठे आहात, एकमेकांना ओळखता आणि 'तू'वर आहात, हे गृहीत धरलं आहे.

आमचं जेमतेम हाय-हॅलो आहे. मेसेज केला तर आगाऊपणा वाटेल का?

एक मेसेज केला तर नाही वाटणार. आपण समोरच्याची आठवण काढली तर त्याला किती बरं वाटेल, याचा आपला अंदाज बहुतेक वेळा कमी असतो. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं होतं. निरोप अनपेक्षित असेल तर तो जास्त आवडतो, असंही त्यात दिसलं. म्हणजे हाय-हॅलोवाल्याचा मेसेज रोजच्या मैत्रिणीच्या मेसेजपेक्षा जास्त गोड लागू शकतो.

पण हे पहिल्या मेसेजबद्दल झालं. उत्तर यायच्या आत दुसरा, तिसरा आणि वर प्रश्नचिन्ह पाठवलंत, तर तो आगाऊपणाच.

पहिल्या मेसेजमध्ये काय लिहू?

एका मित्राचा किस्सा सांगतो. पुढच्या उत्तरांतही तोच येईल, म्हणून नीट वाचा. अभ्यासाच्या ग्रुपवर मंगळवारी संध्याकाळी तिने लिहिलं, 'ताप आलाय, १०१. आज येत नाही.' शनिवारी पेपर. याने खाजगीत पाठवायला हे लिहून काढलं:

'अरे देवा!! काय झालं अचानक? डॉक्टरकडे गेलीस का? गोळी घेतलीस का? घरी कोण आहे? मला खूप टेन्शन आलंय. शनिवारी पेपर कसा देणार तू??'

पाठवण्याआधी मला दाखवलं हे नशीब. यात पाच प्रश्न आहेत. ज्या माणसाला मान उचलवत नाही त्याला आपण पाच प्रश्नांची उत्तरपत्रिका दिली. 'मला टेन्शन आलंय' म्हणजे आता तिने तापात याची समजूत काढायची. आणि शेवटचा प्रश्न म्हणजे ती जे विसरायचा प्रयत्न करत पडली आहे, तेच पुन्हा तिच्यासमोर आणून ठेवणं.

मग त्याने हे पाठवलं:

'ग्रुपवर वाचलं. उत्तर देत बसू नकोस, पडून राहा. आजच्या नोट्स मी काढल्यात. तुझ्या हिरव्या पेनाची सर नाही, पण वाचता येतील इतपत आहेत.'

यात एकही प्रश्न नाही. 'उत्तर देत बसू नकोस' या चार शब्दांत तिची सुटका आहे. नोट्सची सोय झाली. आणि ते हिरवं पेन! ती सगळ्या व्याख्या हिरव्या पेनाने लिहिते हे वर्गात कुणी कधी बोललं नव्हतं. याने ते पाहिलं होतं आणि पाहिल्याचं आज सहज बोलता बोलता कळवलं. फ्लर्ट तेवढाच होता आणि तेवढा पुरला.

'काळजी घे' आणि 'जेवलीस का' यात वाईट काय आहे?

वाईट काही नाही, फक्त ते सगळेच पाठवतात. 'जेवलीस का'ची तर इतकी टिंगल झाली आहे की मनापासून विचारलं तरी समोरचा हसतो. तापात तोंडाला चव नसते, त्यामुळे खरं उत्तर 'नाही' असतं आणि त्यावर पुढे 'का नाही?' सुरू होतं.

तेच म्हणायचं असेल तर प्रश्न काढून टाका आणि त्याचं वाक्य करा. 'पाण्याची बाटली उशाशी ठेव, उठायला लागू नये म्हणून.' यात काळजी आहे आणि करण्यासारखी एक छोटी गोष्टही आहे.

मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, पण उत्तर नाही. चिडली असेल का?

बहुतेक ती झोपली असेल. संसर्गाशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतं. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचला की मरगळ येते, भूक जाते आणि माणसं नकोशी होतात. ही त्या आजाराचीच लक्षणं आहेत, तुमच्याबद्दलचं मत नव्हे. डोकं दुखत असताना स्क्रीनचा उजेडही सहन होत नाही. मेसेज वाचून होतो आणि उत्तर उद्यावर राहतं.

म्हणून तापाच्या दिवसांत चोवीस तासांत एक मेसेज ठेवा. ती स्वतः बोलायला लागली तर गोष्ट वेगळी.

आणि कृपा करून 'रात्री दोनला ऑनलाइन दिसलीस, झोपली नाहीस?' हे लिहू नका. लिहिणाऱ्याला ती काळजी वाटते, पण वाचणाऱ्याला आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं. त्या रात्री ती घड्याळात औषधाची वेळ बघत असेल किंवा घाबरून नोट्स चाळत असेल. ते तुम्हाला दिसलं असलं तरी दिसलं नाही असं समजा.

मित्राला बुधवारी दुपारी उत्तर आलं: 'डोकं फुटतंय.' दोनच शब्द. तो तीन परिच्छेद लिहायला बसला होता. शेवटी गेलं ते असं: 'मग फोन ठेव. मी काही पळून जात नाही. उद्या सकाळी एक अत्यंत फालतू जोक येणार आहे, त्याआधी बरी झालीस तर वाचशील.' तिने नुसता हसरा चेहरा पाठवला. आजारी माणसाकडून तो मोठा निबंधच समजायचा.

मुलगी म्हणून विचारते. त्याला बरं वाटावं आणि थोडं कळावंही, पण 'गळ्यात पडतेय' असं वाटू नये. फ्लर्ट नेमका बसवायचा कुठे?

शेवटच्या ओळीत, आणि एकच ओळ. आधी काळजीचं किंवा कामाचं वाक्य आणि मग ती ओळ. क्रम उलटला तर आजारपण हे निमित्त वाटतं.

ती ओळ त्याच्या दिसण्याबद्दल नको. 'आजारी असूनही छान दिसतोस'वर कुणाचा विश्वास बसत नाही. नाक लाल आणि केस तेलकट झालेल्या माणसाला तर ती थट्टाच वाटते. ओळ असावी तो काय करतो याबद्दल. तो पेपरच्या आधी पेनं मोजतो का? प्रश्न विचारताना 'म्हणजे बघा' म्हणून सुरुवात करतो का? लायब्ररीत एकाच खुर्चीवर बसतो का? मग लिहा: 'तुझ्या खुर्चीवर आज दुसराच कुणीतरी बसला होता. मी त्याच्याकडे इतकं रागाने पाहिलं की बिचारा उठून गेला. लवकर ये.'

ही ओळ चालते, कारण तिला दोन अर्थ आहेत. त्याला हवं असेल तर तो म्हणेल, 'एवढी आठवण येते का?' आणि नको असेल तर 'हाहा, येतो' म्हणून सुटेल. दोघांचीही पंचाईत होत नाही. ज्या ओळीला 'हो' किंवा 'नाही' असंच उत्तर द्यावं लागतं ती या आठवड्यासाठी नाही. 'तुझ्याशिवाय करमत नाही'ला तो तापात काय उत्तर देणार?

मराठीची एक सोय इथे हाताशी आहे. नेहमी 'तू' म्हणणाऱ्या माणसाने मध्येच खोटा आदर दाखवला की लगेच खोडी वाटते. 'साहेबांनी गोळी घेतली असेल तर प्रजेला कळवावं.' किंवा लाडिक 'ना': 'आज तरी लवकर झोप ना.' तोच मेसेज 'ना' काढून वाचा, हुकूम वाटेल. पण एका मेसेजमध्ये एकच 'ना'. तीन झाले की हट्ट होतो.

'बाळा', 'पिल्लू' वगैरे अजून नको. नातं ठरण्याआधी ते शब्द आले की मागे जायला जागा राहत नाही.

नुसतं बोलण्यापेक्षा मदत करायची आहे. ती दिसावी की न दिसावी?

शक्यतो न दिसावी. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज डायरी भरली. जोडीदार म्हणतो 'मी आधार दिला', पण परीक्षा देणाऱ्याच्या ते लक्षातच आलं नाही, असा आधार सगळ्यात उपयोगी ठरला. लक्षात आलेल्या आधाराचा तितका फायदा झाला नाही, कधी कधी मन उलट खालावलं. कारण समजायला अवघड नाही. कुणीतरी आपल्याला सावरतंय हे दिसलं की आपण कोसळतोय हेही दिसतं. शिवाय उपकाराचं ओझं होतं ते वेगळंच.

तिथे ते जोडीदार होते आणि तुम्ही अजून कुणीच नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत ते ओझं आणखी जड.

गुरुवारी तिचा ताप उतरला आणि मेसेज आला: 'चौथं युनिट उघडलंच नाहीये. मेले मी.' इथे दहातले नऊ जण लिहितात, 'तू हुशार आहेस गं, होईल सगळं.' त्याने तिला काय मिळतं? युनिट तर तसंच बंद आहे आणि आता हुशार ठरण्याचीही जबाबदारी आली.

मित्राने चौथ्या युनिटची उजळणी मोठ्याने बोलत केली आणि रेकॉर्ड करून दोन तुकडे पाठवले, सात-सात मिनिटांचे. खाली लिहिलं: 'मला तशीही बोलून उजळणी करायची होती. डोळे मिटून ऐकलंस तरी चालेल. चुका सापडल्या तर सांग, मला गरज आहे. आवाजाबद्दल तक्रार असल्यास लेखी द्यावी.'

यात मदत लपली कुठे ते बघा. 'तुझ्यासाठी केलं' असं तो म्हणाला नाही. उलट चुका काढायचं काम तिला दिलं, म्हणजे ती मदत घेणारी राहिली नाही, तपासणारी झाली. थकलेल्या डोळ्यांना वाचावं लागलं नाही. तिने रात्री लिहिलं, 'एक चूक आहे. ९ मिनिटं १० सेकंदांवर. आवाज चालेल.' आता सात-सात मिनिटांच्या तुकड्यांत नववं मिनिट येतं कुठून? तिने दोन्ही तुकडे सलग ऐकून एकूण वेळ मोजला होता. हे त्याच्या लक्षात आल्यावर तो दोन दिवस जमिनीवर नव्हता.

एक सूचना. बोलून पाठवायचं असेल तर अभ्यासाचं लांब चालेल, गप्पांचं नको. गप्पांचा व्हॉइस मेसेज वीस सेकंदांच्या वर गेला की आजारी माणूस तो 'नंतर ऐकू' म्हणून ठेवतो.

'टेन्शन घेऊ नकोस' म्हटलं की ती अजून चिडते. मग म्हणायचं काय?

चिडणारच. छाती धडधडत असताना 'शांत हो' म्हटलं की शांत होत नाही. वर शांत न होता आल्याचं एक नवं टेन्शन मिळतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. गाणं म्हणणं, भाषण करणं, गणितं सोडवणं याआधी काहींनी स्वतःला 'मी शांत आहे' असं सांगायचं होतं आणि काहींनी 'मी एक्साइटेड आहे' असं. एक्साइटेड म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. भीती आणि उत्साह दोन्हींत शरीर तसंच धावत असतं. त्यामुळे एकीवरून दुसऱ्यावर जाणं सोपं, एकदम थांबणं अवघड.

मेसेजमध्ये याचं भाषांतर असं: धडधड नाकारू नका, तिला दुसरं नाव द्या. शनिवारी सकाळी मित्राने लिहिलं: 'धडधडतंय ना? माझंही. इंजिन सुरू झाल्यावर आवाज येणारच. हिरवं पेन घेतलंस का? उत्तरपत्रिकेत चालणार नाही, पण सोबत असू दे.' हा अख्ख्या आठवड्यातला त्याचा एकमेव खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत होतं.

हा मेसेज पेपरच्या किमान दीड तास आधी जायला हवा. दारात उभं असताना फोन बंद करायची घाई असते आणि शेवटच्या पानावर नजर असते. त्या क्षणी 'ऑल द बेस्ट' आलं तरी ते वाचलं जात नाही. हॉलमध्ये फोन नसतो, त्यामुळे उत्तराची वाटही बघू नका.

आदल्या रात्री मोठा, मनापासूनचा मेसेज पाठवू का?

नको. मी पाठवला होता. पेपरच्या आदल्या रात्री साडेअकराला, चौदा ओळींचा. तिची मेहनत, तिचे डोळे आणि शेवटी 'निकाल काहीही लागो, मी कायम सोबत आहे'. सकाळी उत्तर आलं: 'थँक्यू', आणि पुढे हात जोडलेले. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ कळायला मला बरेच दिवस लागले. तिची झोप मोडली होती, निकाल वाईट लागू शकतो हे मीच सुचवलं होतं आणि माझ्या चौदा ओळींचं काय करायचं हा प्रश्न घेऊन ती पेपरला बसली होती.

रात्री नऊच्या आत, दोन ओळी. जमत असेल तर तेही टाळा आणि सकाळचं तेवढं पाठवा.

तिला किंवा त्याला हे आवडतंय की नुसती सभ्यता आहे, कसं ओळखायचं?

ओळखायचं ते आपलीच थट्टा त्यांच्याकडून परत येते का यावरून. तुम्ही खुर्चीचं लिहिलंत आणि दोन दिवसांनी त्याने स्वतःहून विचारलं, 'माझ्या खुर्चीचं काय झालं?', तर ती गोष्ट त्याने जपून ठेवली होती. न विचारता बातमी देणं हेही चांगलं लक्षण: 'आज ९९ वर आला.' ज्याला तुम्ही नको आहात तो थर्मामीटरचा आकडा स्वतःहून कळवत नाही.

'थँक्स', 'हो', अंगठा एवढंच येत असेल तर ताप उतरेपर्यंत निष्कर्ष काढू नका. बरं झाल्यावरही तेवढंच येत राहिलं तर मात्र काढा. आणि 'थँक्स दादा' आलं तर निष्कर्ष काढायची गरजच नाही, तो काढून हातात दिलेला आहे. मुलींना याच अर्थाचं 'थँक्स भावा' येतं. अशा वेळी फ्लर्टची ओळ गाळा. नोट्स कबूल केल्या असतील तर त्या मात्र द्या.

फ्लर्ट पूर्ण बंद कधी करायचा?

ताप तीन दिवसांपुढे गेला, धाप लागतेय, बोलण्यात गोंधळ आहे, मान आखडली आहे, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, असं काही कळलं तर थट्टा बाजूला ठेवा. 'हे डॉक्टरला आजच दाखवायला हवं. सोबत कोण आहे?' असं सरळ लिहा. उत्तर आलं नाही तर फोन करा किंवा जवळच्या मैत्रिणीला कळवा. हा एकच प्रसंग जिथे लागोपाठ मेसेज केलेले चालतात.

परीक्षेच्या बाबतीत 'मेले मी' हे रोजचंच बोलणं. पण 'काही अर्थच उरला नाही', 'मी नसले तर बरं होईल' हे तसं नाही. तिथे विनोद करू नका आणि एकट्याने सांभाळायचाही प्रयत्न करू नका. फोन करा, ऐका, तिच्या जवळच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. 'कुणाला सांगू नकोस' म्हणाली तरी सांगा.

पेपर सुटला. आता?

'कसा गेला?' हा प्रश्न तिला पुढच्या तासाभरात किमान दहा जण विचारणार आहेत. तुम्ही अकरावे होऊ नका.

मित्राने लिहिलं: 'सुटलो! पेपरबद्दल एक अक्षर बोलणार नाही. घरी जा, झोप काढ.' भेटायचं त्याने तेव्हा विचारलं नाही, हे मला आवडलं. दोन-तीन दिवस तापात काढलेल्या माणसाला पेपरनंतर फक्त उशी दिसत असते. विचारलं ते सोमवारी, आणि तेही असं की नाही म्हणायला वाट राहील: '९ मिनिटं १० सेकंदांवरची चूक समोरासमोर समजावून घ्यायची आहे. या आठवड्यात जमलं तर सांग, नाहीतर लेखी चालेल.'

उत्तर संध्याकाळी आलं. 'लेखी नको. गुरुवारी. आणि हिरवं पेन हरवलंय, येताना एक घेऊन ये.'